दुष्काळात गावाकडची जनावरं: मुंबईकर चाकरमान्यांचे नेहमीचे प्रश्न

माण-खटाव भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी झाली. आता मुलुंडला मुलाकडे असतो. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं मुंबईच्या पगारावर उभी आहेत, त्यामुळे पाऊस हुकला की गावातल्या गोठ्याचा फोन मुंबईत वाजतो आणि मुंबईतला फोन माझ्याकडे. ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीतही हेच विषय निघतात. तेच तेच प्रश्न दर दुष्काळात येतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. यातले दर हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या बाजारचा दर घालून गणित पुन्हा मांडावं.

जनावरं ठेवायची की विकायची हे नेमकं कधी ठरवायचं?

दिवाळीला गावी जाता तेव्हा. त्याच्या पुढे ढकलायचं नाही.

माणदेशाचा पाऊस मुळात परतीचा. हस्ताचा पाऊस झाला नाही आणि चित्राही कोरडी गेली, तर रब्बीची ज्वारी हातची जाते. ज्वारी गेली म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा नवा कडबा गेला. एवढं कळायला दुष्काळ जाहीर होण्याची वाट बघावी लागत नाही, ऑक्टोबर संपताना प्रत्येक शेतकऱ्याला ते ठाऊक असतं. तरीही बहुतेक जण संक्रांतीपर्यंत थांबतात, कारण कडब्याची गंजी म्हणजे बुचाड अजून उभं दिसत असतं. संक्रांतीनंतर सगळ्यांची बुचाडं एकदम संपतात, सगळे एकाच बाजारात जनावरं उभी करतात आणि व्यापारी निम्म्या भावात दावं हातात घेतो. तोवर जनावरही खंगलेलं असतं. म्हणजे भाव पडतो तो दोन्हीकडून.

बुचाड भरलेलं आहे. मग घाई कशाला?

बुचाड डोळ्यांनी मोजू नका, काट्यावर मोजा. शंभर पेंढ्या म्हणजे किती किलो, हे गावागावात आणि वर्षावर्षाला बदलतं. पाणी कमी पडलेल्या वर्षी ताट बारीक राहतं आणि पेंढी हलकी बसते. बुचाडाच्या वरून, मधून आणि खालून अशा दहा पेंढ्या काढा, वजनकाट्यावर टाका आणि सरासरी घ्या. तिला एकूण पेंढ्यांनी गुणा. त्यातून भिजलेला, बुरशी धरलेला आणि पायाखाली तुडवला जाणारा म्हणून पंधरा टक्के वजा करा. उरला तो तुमचा चारा.

आता खाणाऱ्यांकडे वळू. दुष्काळात जनावर नुसतं तगवायचं असेल तर वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो. चारशे किलोच्या जनावराला आठ किलो. दुधाच्या गाईला आणि म्हशीला दहा धरा, कालवडीला पाच. शेळीला एक किलो, पण ती निम्मं पोट बाभळी-बोरीवर भरून येते.

वजनाचा अंदाज नसेल तर शिंप्याची टेप घ्यायला सांगा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात मापायची.

```
वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ 660
```

घेर 64 आणि लांबी 54 इंच आली तर वजन 335 किलोच्या आसपास. पुतण्याला माप घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, गणित तुम्ही लोकलमध्ये बसून करू शकता.

एखाद्या घराचा पूर्ण हिशोब करून दाखवाल का?

दाखवतो. थोरला भाऊ गावाला आणि धाकटा मुंबईत माथाडी, अशा एका घराचं हे गणित आम्ही दिवाळीत ओसरीवर बसून मांडलं होतं. गोठ्यात दहा लिटरची संकरित गाय, सात महिन्यांची गाभण दुसरी गाय, खिलार बैलजोडी (त्यातला एक म्हातारा), एक भाकड म्हैस, एक कालवड, एक संकरित गोऱ्हा आणि सहा शेळ्या. सगळ्यांना मिळून रोज 56 किलो कोरडा चारा लागत होता.

बुचाडात 1200 पेंढ्या होत्या. सरासरी वजन दीड किलो भरलं. म्हणजे 1800 किलो, आणि नासाडी वजा जाता 1530. भाऊ म्हणत होता, "होळीपर्यंत काय बघायला नको." 1530 ला 56 ने भागलं तर आले 27 दिवस. होळी लांबच राहिली, नोव्हेंबरही निघत नव्हता. वहिनी आत चहा गाळत होत्या, त्या तशाच पातेलं हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "परत भागा की एकदा."

1 नोव्हेंबरपासून 15 जुलैपर्यंत 257 दिवस होतात. त्याआधी बांधावर तोंडभर गवत येईल असं धरू नये. तेवढ्या दिवसांना सव्वाचौदा टनांच्या वर चारा लागला असता, आणि उन्हाळ्यात किलोला 20 रुपये दर धरला तर नुसता विकतचा कडबा अडीच लाखांच्या पुढे जात होता. पूर्ण गोठ्याची तेवढी किंमत होती की नाही शंका आहे.

मग असं केलं. भाकड म्हैस त्याच आठवड्यात 42 हजारांना विकली, गोऱ्हा 5 हजारांना. म्हातारा बैल नदीकाठच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला हलक्या कामाला जवळजवळ फुकट दिला. तरणा बैल आणि कालवड बहिणीच्या घरी, कराडकडच्या ऊस पट्ट्यात, मार्चअखेरपर्यंत पाठवली. घरी राहिल्या दोन गाई आणि शेळ्या, रोजचे 21 किलो. एप्रिलपासून बैल-कालवड परत येणार म्हणून पुढचे 106 दिवस रोज 34 किलो धरले. सगळी बेरीज पावणेसात टन झाली. घरचा दीड टन वजा जाता सव्वापाच टन विकत घ्यायचा होता. तो नोव्हेंबरमध्येच 14 रुपयांनी घेतला, 73 हजारांच्या आसपास गेले. त्यातले 47 हजार विक्रीतून आले होते. मुंबईच्या पगारातून घालावे लागले ते साधारण 26 हजार, पेंडीचा खर्च सोडून. अडीच लाख आणि सव्वीस हजार यांतला फरक चाऱ्याने पडला नाही, तो नोव्हेंबरमुळे पडला.

विकायचं झालं तर पहिलं कोणतं?

आधी एक काम करा, त्याशिवाय यादी करू नका. डॉक्टरांकडून प्रत्येक गाई-म्हशीची गाभण तपासणी करून घ्या. भरवून अडीच-तीन महिने झाले असतील तर हाताने तपासून खात्रीने सांगता येतं. "गाभण असेल" या आशेवर आठ-आठ महिने पोसलेली आणि शेवटी रिकामी निघालेली म्हैस मी दर दुष्काळात बघितली आहे.

रिकामी आणि भाकड असेल ती पहिली जाते. तिच्यापाठोपाठ वारंवार उलटणारी, मग कासदाहाने सड गेलेली, मग दात झिजलेली म्हातारी. झिजलेल्या दाताच्या जनावराला कोरडा कडबा चावता येत नाही, ते चारा असूनही उपाशी राहतं. शेण पाहा, त्यात लांब लांब काड्या दिसतील. संकरित गोऱ्हे तर पहिल्या दिवसापासूनच ओझं असतात.

म्हशीचं गणित सोपं आहे. दहा किलो, 257 दिवस आणि 20 रुपये म्हणजे 51 हजारांचा कडबा. म्हैस 42 हजारांची. पावसाळ्यानंतर तीच किंवा तिच्यापेक्षा चांगली म्हैस विकत घेता येईल एवढे पैसे तिच्याच तोंडात जाणार. पण हीच म्हैस सहा-सात महिन्यांची गाभण असती तर मी विकू दिली नसती. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यालेल्या म्हशीला उन्हाळ्यात दुधाचा दर चांगला मिळतो.

आणि काय झालं तरी ठेवायचं ते कोणतं?

जे परत विकत मिळणार नाही ते. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाभण गाय, घरच्या चांगल्या गाईची कालवड आणि दोन करडं देणाऱ्या पाच-सहा शेळ्या. बाजारात पैसे देऊन गाय मिळते, पण तिची आई किती दूध देत होती हे व्यापारी सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. शेळ्या तर दुष्काळातल्या बँकेसारख्या असतात, गरज पडेल तेव्हा एक-एक काढता येते. म्हैस अर्धी विकता येत नाही.

दुधाची गाय तर स्वतःचा खर्च काढते ना?

सगळ्यांची हीच समजूत असते. दहा लिटर दूध, 30 रुपये दर, म्हणजे दिवसाला 300 रुपये. तिचा दहा किलो कडबा 200 चा आणि चार किलो पेंड-भुसा 120 चा. वीस रुपये अंगावर येतात. चारा नोव्हेंबरच्या दराने भरलेला असेल तर मात्र चाळीस रुपये सुटतात. सहा लिटरची गाय कशीही धरली तरी अंगावरच येते, तिला आटवून गाभण असेल तर ठेवावी, नसेल तर विकावी. घरात रोख पैसा येतो म्हणून वहिनींना ती गाय सोडवत नाही, ते मला कळतं. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं आणि चाऱ्याचं बिल सहा महिन्यांत सावकाश जातं, त्यामुळे तोटा दिसत नाही.

एक सूचना. पेंड एकदम बंद करू नका. निव्वळ कडब्यात प्रथिनं फारच कमी असतात. पोटातले जीवाणू उपाशी राहिले की कडबा पचत नाही, जनावर पोट भरलेलं असूनही वाळत जातं. भाकड जनावरालाही किलोभर पेंड, मूठभर मीठ आणि 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. यानेच कडबा अंगी लागतो.

बैलाचं काय करायचं? वडिलांना विचारायची हिंमत होत नाही.

कुणालाच होत नाही. बेंदराला ज्याची पूजा केली त्याला बाजारात न्यायचं, हे बोलणं माझ्याच्यानेही नीट झालेलं नाही. तरी वस्तुस्थिती सांगतो. 2015 पासून राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, गाईला ती आधीपासून होतीच. त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरतं ते फक्त हलक्या कामाला घेणारा शेतकरी किंवा गोशाळा. दुष्काळी पट्ट्यात दोन्हींची वानवा असते. म्हणून बैल म्हातारा होण्याआधीच, आठ-नऊ वर्षांचा असताना आणि पाऊसपाणी चांगलं असलेल्या वर्षी जोडी बदलावी. दुष्काळात निर्णय घ्यायला बसलात तर हातात फारसं काही नसतं.

तरणा खिलार खोंड असेल तर उलटं आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीचा राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाला दुष्काळातही गिऱ्हाईक येतं. डिसेंबर-जानेवारीतली पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा हा त्याचा बाजार. तिथपर्यंत खुराक चालू ठेवा, बरगडी दिसू देऊ नका आणि तिथेच विका. पुढच्या यात्रेची वाट बघू नका.

पाव्हण्यांकडे जनावरं पाठवायची म्हणजे नेमकं कसं?

ऊस पट्ट्यात कारखाने साधारण नोव्हेंबरात सुरू होतात आणि मार्चच्या आसपास बंद पडतात. तोडणी चालू आहे तोवर उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढे मिळतात, धुराडं थांबलं की वाढेही संपतात. म्हणून पाठवायचं ते तोडणी सुरू होताना, आणि परत आणायची तारीख आधीच बोलून ठेवायची. उन्हाळ्यात ऊस पट्ट्यातही हिरव्याची टंचाई असते. मेहुणे तोंडाने "राहू द्या हो" म्हणतात, पण बहिणीला रोज चार बादल्या जास्त शेंदाव्या लागत असतात.

बोली स्पष्ट असावी. औषधपाण्याचा खर्च कोणाचा, जनावर दगावलं तर काय, या काळात गाय व्याली तर दूध कोणाचं. वाट्याने देण्याची पद्धत आहेच, कालवड सांभाळून गाभण करून दिली तर पहिल्या वेताच्या किमतीत निम्मा वाटा. पण वाट्याच्या बोलीत नातं असलं की कुणी लिहून घेत नाही आणि मग पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. वहीच्या पानावर चार ओळी लिहा, दोघांनी सह्या करा.

पाठवण्याआधी लाळ्या-खुरकूत आणि शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर, आंत्रविषाराची लस निदान तीन आठवडे आधी टोचून घ्या. कानात टॅग असल्याशिवाय हल्ली वाहतूक आणि बाजार दोन्हीकडे अडवतात. गाडीत सोबत डॉक्टरांचा दाखला ठेवा. शेवटच्या महिन्यातली गाभण गाय टेम्पोत चढवू नका. आणि अंगावर मांस असतानाच हलवा. पाठीचा कणा, माकडहाड आणि सगळ्या बरगड्या लांबून मोजता यायला लागल्या की ते जनावर प्रवासात बसतं, आणि बसलेलं मोठं जनावर उठवणं फार अवघड होऊन बसतं.

2022 च्या लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार आणि वाहतूक दोन्ही बंद झाली होती, हे लक्षात असू द्या. "नंतर हलवू" म्हणणाऱ्यांचं त्या वर्षी काहीच हललं नाही.

सरकारी चारा छावणी निघेलच की, मग एवढं कशाला?

निघेलही. पण कधी? 31 ऑक्टोबर 2018 ला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि छावण्या प्रत्यक्षात उभ्या राहायला पुढच्या वर्षाचे पहिले तीन महिने गेले. छावणी ही उन्हाळ्यातल्या शेवटच्या टप्प्याची सोय आहे, तिच्यावर नोव्हेंबरचा हिशोब बांधता येत नाही. शिवाय घरचं एक माणूस छावणीत मुक्कामाला लागतं. म्हणजे घर, शाळेतली पोरं आणि छावणी अशी तीन ठिकाणी वाटणी होते. ती गृहीत धरा.

2023 ला आणखी एक गोष्ट झाली. काही जिल्ह्यांत चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली गेली. शेजारच्या जिल्ह्यातून कडबा आणायचा विचार असेल तर तो आदेश निघण्याआधी आणलेला बरा.

मुंबईहून पैसे पाठवतो. चाऱ्याला पाठवू की आणखी कशाला?

पहिले पैसे कडबाकुट्टी यंत्राला, घरी नसेल तर. अख्खी पेंढी टाकली की जनावर पानं खातं आणि ताटं पायाखाली घालतं, पाव हिस्सा तरी वाया जातो. कुट्टी केली की तो वाचतो. सव्वापाच टन विकत घेणाऱ्या घराला त्यातूनच टनभर चारा मिळाल्यासारखं आहे. गव्हाणीला पुढून उंच फळी ठोका, हे तर फुकटात होतं.

दुसरे पैसे चाऱ्याला, पण विकत घेताना पाण्याचे पैसे देऊ नका. हिरवा मका 5 रुपये किलो म्हणजे स्वस्त वाटतो. त्यात शंभरातले ऐंशी भाग पाणी. खाण्याजोगा कोरडा भाग काढला तर तो 25 रुपये किलो पडतो. 20 रुपयांचा कडबा, त्यात पाणी दहा टक्केच, म्हणून तो 22 ला पडतो. मक्याच्या मुरघासात कोरडा भाग साधारण तीस टक्के, 7 रुपयांनी मिळाला तर सव्वातेवीसच्या आसपास पडेल, पण त्यात कणसं आहेत म्हणून दुधाच्या गाईला तो परवडतो. भाकडाला नको. दर विचाराल तेव्हा आधी हा भागाकार करा.

वाढे मिळताहेत, तेच रोज घातले तर?

आठ-पंधरा दिवसांत काही होत नाही. महिनोन्‌महिने निव्वळ वाढे घातले की त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. पातळ शेण, दूध कमी, माजावर न येणं, व्यायल्यावर गाय आडवी पडणं, अशी लक्षणं दिसतात. निम्मे वाढे, निम्मा कडबा, दोन्हींची एकत्र कुट्टी, वर चुन्याची निवळी शिंपडायची आणि खनिज मिश्रण चुकवायचं नाही.

युरियाची प्रक्रिया करावी का? ऐकून भीती वाटते.

भीती वाटणं बरोबर आहे, पण नीट केली तर भाताचा पेंढा, गव्हाचं काड यांचा खाण्याजोगा चारा होतो. 100 किलो वाळलेल्या काडाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. खडा राहता कामा नये. काडाचा थर, वर झारीने पाणी, पायाने तुडवणं, पुन्हा थर. शेवटी प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद करून 21 दिवस झाकून ठेवायचं. उघडल्यावर डोळ्याला झोंबणारा वास आला पाहिजे. काड पिवळं-तपकिरी आणि मऊ झालेलं असतं. काळं पडलं किंवा बुरशी आली असेल तर हवा शिरली, ते टाकून द्या. खायला घालायचं तेवढं तासभर पसरून वास उडू द्या आणि पहिल्या आठवड्यात थोडं-थोडं वाढवत न्या. सहा महिन्यांखालच्या वासराला बिलकूल नाही.

जीव जातो तो प्रक्रियेने नव्हे, घिसाडघाईने. युरिया विरघळलेलं पाणी बादलीत उघडं राहिलं आणि तहानेली गाय प्यायली, असं एकदा आमच्याच कार्यक्षेत्रात झालं. तोंडाला फेस, अंग थरथरणं, पोट फुगणं, आणि डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणून हे काम करताना दुष्काळातली जनावरं दूर बांधा. घरात हे करणारं माणूस वयस्कर आणि एकटं असेल तर मी करू नका म्हणेन.

मातीविना चारा उगवायचे व्हिडिओ येतात. किलोभर मक्यापासून सात किलो चारा. घ्यावं का ते यंत्र?

नको. किलोभर मक्याची सहा-सात किलोची हिरवी चटई होते, खरं आहे. वाढलेलं वजन सगळं पाण्याचं. कोरडा भाग मोजला तर तो पेरलेल्या मक्यापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण कोंब उगवताना दाण्यातलंच खातो. तो मका भरडून थेट गाईला घातलेला बरा.

मुंबईतून शिळे पाव, हॉटेलातला भात गोणीने पाठवला तर चालेल?

फार प्रेमाने विचारतात हे. उपाशी जनावराला एकदम भात, पाव, पीठ मिळालं की पोटात आम्ल तयार होतं, रवंथ थांबतो, पोट गच्च होतं आणि दोन दिवसांत जनावर जातं. लग्नाच्या मांडवामागे सुटलेली गाय अशीच मरते. गोणीच्या भाड्याचे पैसे पेंडीला पाठवा.

बोकड आत्ता विकावेत की बकरी ईदला देवनारला आणावेत?

हा एकच प्रश्न असा आहे की ज्यात थांबणं फायद्याचं पडू शकतं. ईद 2024 ला 17 जूनला होती, 2025 ला 7 जूनला, दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे सध्या ती नेमकी दुष्काळाच्या टोकाला येते आणि बोकड फार खातही नाही. पण ईदचा बोकड वर्षाचा पूर्ण हवा, घेणारे दोन दात बघतात. शिंग मोडकं, कान फाटका, पाय लंगडा असेल तर तो कुर्बानीला सहसा चालत नाही. अशा बोकडाला ईदचा भाव मिळणार नाही, तो मटणाच्या भावाने दिवाळीतच काढा. निर्दोष आणि ईदपर्यंत वयात बसणारे दोन-तीन बोकड ठेवा, त्यांना रोज पाव किलो मक्याचा भरडा सवय करत सुरू करा.

देवनारला एकट्याने दोन बोकड आणण्यात अर्थ नाही. टेम्पोभाडं, मुंबईतला दोन-चार दिवसांचा मुक्काम, चारा आणि पावसाची सर यात नफा जातो. गावातल्या दहा घरांनी मिळून गाडी केली तर जमतं. मुंबईत राहणाऱ्या पोरांनी तिथे आळीपाळीने उभं राहावं, तुमचा खरा उपयोग तिथे आहे.

म्हैस मुंबईच्या तबेल्यात विकता येईल का?

ताजी व्यालेली, मोठ्या अंगाची मुऱ्हा किंवा जाफराबादी असेल तरच, तीही दलालामार्फत. गोरेगाव-जोगेश्वरीचा तबेलेवाला सगळा चारा विकत घेतो, म्हणून तो दूध आटलेली म्हैस एक दिवसही ठेवत नाही. आपली लहान चणीची पंढरपुरी त्याला नको असते. त्याच्याकडून शिकायचं असेल तर एवढंच की तो भाकड जनावराबद्दल भावनेने विचार करत नाही.

पाऊस पडला. आता सोडायची ना चरायला?

चार दिवस दम धरा. पहिल्या पावसावर वाळलेल्या ज्वारीच्या खोडक्याला कोवळे पोपटी फुटवे येतात. वर्षभर हिरवं न बघितलेलं जनावर त्याच्यावर तुटून पडतं आणि त्याला किराळ लागते. त्या कोवळ्या फुटव्यात सायनाइडचं विष असतं. अर्ध्या तासात धाप, झोकांड्या, आडवं पडणं, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर मरण. पाण्याच्या ताणाने गुडघाभर उंचीवरच खुरटलेली ज्वारीही तशीच घातक. ती कापून चांगली वाळवून मगच घाला. वर्षभर पदरमोड करून जगवलेली गाय पहिल्या पावसाच्या तिसऱ्या दिवशी गेली, असा फोन मला एकापेक्षा जास्त वेळा आलेला आहे.

म्हणून जुलैसाठी पाच-पन्नास पेंढ्या राखून ठेवा. सकाळी पोटभर कडबा घालून, दहा वाजता दव वाळल्यावर सोडायची आणि पहिल्या दिवशी तासाभरात परत आणायची. रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण चराईवर न्यायची. विकलेल्या म्हशीच्या जागी दुसरी घ्यायला जुलैत बाजारात जाऊ नका, त्या वेळी सगळेच घ्यायला निघालेले असतात. पोळा होऊन जाऊ द्या.